रेटिक काउंट: वीस सापडले की थांबायचं, मग टक्केवारी कशी काढायची?

स्लाइडवाली

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका ग्रामीण रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. आमच्याकडे सिकल सेलचे रुग्ण नेहमी येतात, त्यामुळे रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे नुकत्याच तयार झालेल्या कोवळ्या लाल पेशींची मोजणी, हाताने करायची वेळ बऱ्याचदा येते. न्यू मिथिलीन ब्लू घालून रक्त सदतीस अंशाला ठेवायचं, स्मिअर ओढायचा आणि ऑइल इमर्शनखाली लाल पेशी मोजत जायचं. शिकताना पद्धत अशी होती की हजार लाल पेशी मोजा आणि त्यांत रेटिक किती ते लिहा.

नव्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमनी वेगळं सांगितलंय. हजारावर थांबू नका, वीस रेटिक सापडेपर्यंत मोजा, आणि विसावा सापडला की थांबून एकूण लाल पेशी किती झाल्या ते लिहा. परवाच्या दोन स्लाइड अशा:

पहिला रुग्ण: विसावा रेटिक १,६४० व्या पेशीला.
दुसरा रुग्ण: विसावा रेटिक १७६ व्या पेशीला.

मी सरळ २० भागिले १,६४० केलं, १.२२ टक्के आलं. मॅडम म्हणाल्या, नाही, १९ भागिले १,६३९ कर. कारण विचारलं तेवढ्यात त्यांना वॉर्डात बोलावलं. मोजलेला एक रेटिक आणि एक पेशी टाकून का द्यायची? मी डोळे फोडून मोजलेत ते. कुणी समजेल असं सांगेल का?

चहाबाज

याला इन्व्हर्स सॅम्पलिंग म्हणतात. फायदा सोपा आहे, यात मोजणी कमी करावी लागते. ठरलेले नग मिळाले की काम संपलं. म्हणून दुर्मीळ गोष्टी मोजायला हीच पद्धत वापरतात. एक वजा करण्याने फार फरक पडत नाही, सोडून द्या.

स्लाइडवाली

@चहाबाज, पण पहिल्या रुग्णाला मला हजाराऐवजी १,६४० मोजाव्या लागल्या. कमी कुठे झालं?

पाटीपेन्सिल

ताई, तुमची हरकत बरोबर आहे. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. दोन वेगळे प्रश्न आहेत, आधी हाच घेतो.

या पद्धतीत मोजणी नेहमी कमी होत नाही. साधारण किती पेशी मोजाव्या लागतील? हवे असलेले रेटिक भागिले त्यांचं खरं प्रमाण. दहा टक्के असतील तर वीस रेटिकसाठी दोनशेच्या आसपास, अर्धा टक्का असतील तर चार हजार. गोष्ट दुर्मीळ असेल तेव्हा मोजणी वाढतेच. मिळतं ते वेगळं: दर रुग्णाला चूक साधारण त्याच प्रमाणात राहते.

तुमचेच दोन रुग्ण घ्या. दोघांच्या हजार-हजार पेशी मोजल्या असत्या, तर पहिल्याचे बाराएक रेटिक मिळाले असते आणि नुसत्या योगायोगाने आकडा तीसएक टक्क्यांनी इकडे-तिकडे झाला असता. दुसऱ्याचे शंभरावर मिळाले असते, आणि तिथे ही हालचाल नऊ टक्क्यांवर आली असती. म्हणजे ज्याचा आकडा तसाही मोठा आणि ठळक आहे त्याच्यावर जास्त मेहनत, आणि ज्याच्या बाबतीत शंका आहे त्याचा अंदाज ढिला. वीसवर थांबलात तर दोघांचीही हालचाल बावीस-तेवीस टक्के. मोजायला बसताना प्रमाण किती निघेल हे ठाऊक नसतं, तरी अचूकता आधी ठरवता येते. पद्धत त्यासाठी आहे.

एक का वजा करायचा ते रात्री लिहितो, ती गंमत जरा सावकाश सांगण्यासारखी आहे.

मिड्ल_स्टंप

पाटीपेन्सिल सर येईपर्यंत मी प्रयत्न करतो. संघ ऑल आउट झाला की डावाचा शेवटचा चेंडू कोणता असतो? विकेटचा. नेहमीच. गोलंदाजी कशीही असो, शेवटचा चेंडू विकेटचाच असणार, कारण त्यावरच डाव संपवायचा असा नियम आहे. मग त्या चेंडूवरून गोलंदाजांबद्दल नवीन काय कळलं? काहीच नाही. ताईंची विसावी पेशी तशीच आहे.

पाटीपेन्सिल

@मिड्ल_स्टंप, वा! माझं निम्मं काम तुम्ही केलंत.

तर ताई, तुमची १,६४० वी पेशी रेटिक निघाली हा योगायोग नाही, ती रेटिक निघाली म्हणून तर तुम्ही थांबलात. तिच्या आधीच्या १,६३९ पेशींमध्ये १९ रेटिक होते. २० भागिले १,६४० केलं की ही बळजबरीने आलेली शेवटची पेशी हिशोबात शिरते आणि आकडा थोडा वर ढकलते. किती वर? गोष्ट दुर्मीळ असेल तर सरासरीने साधारण m/(m−1) पट, इथे m म्हणजे थांबायचा आकडा, आणि पुढे n म्हणजे एकूण मोजलेल्या पेशी. वीसला थांबलात तर पाच टक्क्यांनी फुगतो. तीनला थांबलात तर दीडपट. आणि पहिलाच सापडल्यावर थांबून 1/n लिहिलंत तर अनर्थ: खरं प्रमाण एक टक्का असताना 1/n ची सरासरी साडेचार टक्क्यांच्या वर जाते, कारण नशिबाने पाचव्या-सहाव्या पेशीलाच सापडलं तर आकडा प्रचंड येतो आणि तोच सरासरी ओढतो.

(m−1)/(n−1) हा अंदाज मात्र सरासरीने नेमका खऱ्या प्रमाणावर बसतो. अंदाजे नाही, अगदी नेमका, m दोन किंवा जास्त असला की झालं. ही सूचना जे. बी. एस. हाल्डेन यांची, १९४५ ची. तुमची पहिली स्लाइड १९/१,६३९ म्हणजे १.१६ टक्के, दुसरी १९/१७५ म्हणजे १०.८६ टक्के.

अंदाज किती चुकू शकतो याचा हिशोबही सुबक आहे. अंदाज गुणिले (एक वजा अंदाज), भागिले n−2, आणि त्याचं वर्गमूळ. पहिल्यासाठी ०.२६ टक्के येतं, दुसऱ्यासाठी २.४ टक्के. दोन्ही आपापल्या आकड्याच्या पाव हिश्श्याहून थोडे कमी, वर म्हटलं तसंच.

चहाबाज

पटलं. म्हणजे मोजमाप कसंही केलं तरी एक वजा करून टाकलेलं बरं, सुरक्षित राहतं.

पाटीपेन्सिल

नाही, नाही! हजार मोजायच्या असं आधी ठरवून हजारावर थांबलात आणि बारा सापडले, तर १२/१,००० हेच बरोबर. तिथे शेवटची पेशी रेटिक असलीच पाहिजे अशी सक्ती नाही. वजाबाकी मोजणीची नाही, थांबण्याच्या नियमाची आहे.

चाकण_क्यूसी

आमच्याकडे हे रोज चालतं. लाइनवरून नग घेत जायचे, पाच खराब मिळाले की अख्खी बॅच होल्ड. आमचं टार्गेट असतं की खराब निघूच नयेत, त्यामुळे हा प्लॅन आम्हाला उपयोगी पडला आहे. ताई, तुम्ही पण बॅच रिजेक्ट करण्यासाठी वीस ठेवलेत का?

डॉ_मृण्मयी

@चाकण_क्यूसी, दादा, तुमचं काम निर्णयाचं आहे: बॅच सोडायची की अडवायची. इथे निर्णय नंतर डॉक्टर घेतात, लॅबला आकडा द्यायचा आहे. थांबण्याचा नियम सारखा दिसला तरी त्यातून काय काढायचं ते वेगळं.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे (धाग्यातल्या मॅडम नव्हे!). मला भीती सूत्राची नाही, स्लाइडची आहे. वरचं सगळं गणित एक गोष्ट धरून चालतं: दर पेशी रेटिक असण्याची शक्यता सारखी आणि एकीचा दुसरीशी संबंध नाही. स्मिअर असा नसतो. कडेला, शेपटाकडे, जाड भागात पेशींची वाटणी बदलते. त्यात रंग नीट न बसलेल्या भागात फिकट जाळीचे रेटिक सुटतात. मग २२ टक्के चूक कागदावर राहते, प्रत्यक्षात ती जास्त असते, आणि इन्व्हर्स असो की हजारी, दोन्ही पद्धतींना हे सारखंच लागतं.

ओळखायचं कसं? ताई, एक सवय लावा. फक्त शेवटचा आकडा लिहू नका, दर पाचव्या रेटिकला काउंटर किती दाखवतो ते टिपत जा. ५, १०, १५ आणि २० ला ४१०, ७९०, १,२०५, १,६४० असं आलं तर छान. ९०, २००, ९००, १,६४० असं आलं तर तुम्ही दाट भागातून विरळ भागात गेलात अशी शंका घ्या आणि दुसरा स्मिअर बघा. पाच-पाचच्या टप्प्यांत नशिबानेही बराच फरक पडतो, तेव्हा थोड्या उंचसखलाने घाबरू नका. सातपट-आठपट झालं तर मात्र थांबा.

स्लाइडवाली

हे मस्त आहे, उद्यापासून सुरू करते. एक अडचण विचारू? विसावा रेटिक फील्डच्या मधोमध सापडतो. तिथेच थांबायचं की फील्ड पूर्ण करायचं? मी कधी असं करते, कधी तसं.

डॉ_मृण्मयी

"कधी असं कधी तसं" हेच बंद करा. फील्डमध्ये अजून एखादा दिसत असला की पूर्ण करायचं आणि नसला की थांबायचं, असं नकळत होतं. डोळा आधीच पुढे गेलेला असतो. फील्डमध्ये वरून खाली, ओळीओळीने वाचा आणि विसाव्याला तिथेच थांबा. रिकाम्या फील्डवरून पटकन पुढे सरकणं हा त्याहून मोठा दोष. रिकाम्या फील्डमधल्या पेशी n मध्ये आल्याच पाहिजेत, नाहीतर टक्केवारी भलतीच वर जाते.

पाटीपेन्सिल

डॉक्टरांशी सहमत. फील्ड पूर्ण करायचंच असेल तर नेहमी पूर्ण करा. मग शेवटची पेशी रेटिक असण्याची सक्ती राहत नाही, आणि मिळाले ते रेटिक भागिले एकूण पेशी घेतलं तर फुगवटा पाच टक्क्यांपेक्षा कमी असतो. पण शून्य होत नाही, आणि हाल्डेनचं सूत्रही जसंच्या तसं लागू पडत नाही. ओळीने वाचून थांबणं जास्त स्वच्छ.

अमुक_तमुक

मला पटत नाही बुवा. ज्यांना खात्री करायची असेल त्यांनी आर मध्ये चालवून बघा:

```
p <- 0.012; m <- 5
n <- rnbinom(1e6, m, p) + m
mean(m/n); mean((m-1)/(n-1))
```

अमुक_तमुक

मीच चालवलं. पहिला आकडा ०.०१४९ च्या जवळ, दुसरा ०.०१२० वर. पटलं. `+ m` विसरू नका. `rnbinom` एकूण पेशी देत नाही, फक्त रेटिक नसलेल्या पेशी देतो. ते विसरलात तर दोन्ही उत्तरं चुकतील.

थॉमसबुवा

थोडा विरोध नोंदवतो. डेटा एकच आहे: १,६४० पेशी, २० रेटिक. समजा शेजारच्या टेबलावर कुणी "१,६४० मोजायच्या" असं ठरवून बसलं आणि त्यालाही नेमके २० सापडले. त्याचं उत्तर १.२२ आणि ताईंचं १.१६? रुग्ण एक, स्लाइड एक, पेशी त्याच. मोजणाऱ्याच्या मनात काय होतं यावर रक्त कसं बदलेल? खरं प्रमाण बदललं की हा डेटा मिळण्याची शक्यता कशी बदलते ते सांगणारा लाइकलिहुड दोघांचा सारखाच आहे, त्यामुळे माझ्या लेखी उत्तरही सारखंच हवं.

आणि हाल्डेनचंच नाव घेता आहात तर, त्यांनीच १९३२ मध्ये सुचवलेला प्रायर, म्हणजे मोजणीआधीचा समज, घेतलात तर पोस्टिरिअरची, म्हणजे मोजणीनंतरच्या समजाची, सरासरी थेट m/n येते. एकाच माणसाच्या दोन कल्पना, दोन उत्तरं.

पाटीपेन्सिल

@थॉमसबुवा, हा वाद जुना आहे आणि खरा आहे, तो मी उडवून लावणार नाही. नाणेफेकीचं प्रसिद्ध उदाहरण आहे ना: बारा फेकी, नऊ छापा, तीन काटा. बारा फेकी आधी ठरवल्या असतील तर "नाणं छाप्याकडे झुकलेलं नाही" या गृहीताविरुद्धचा पी-आकडा ०.०७३. तिसरा काटा येईपर्यंत फेकायचं ठरवलं असेल तर ०.०३३. फेकी त्याच, आणि एक आकडा पाच टक्क्यांच्या अलीकडे, दुसरा पलीकडे. तुमच्या बाजूच्या लोकांना हे असह्य वाटतं, ते मला समजतं.

माझं म्हणणं एवढंच की मॅडम एक स्लाइड बघत नाहीत. वर्षभर शेकडो स्लाइड त्याच नियमाने वाचल्या जातील, आणि त्या सगळ्यांची सरासरी पाच टक्क्यांनी वर राहू नये ही त्यांची अपेक्षा आहे. हा प्रश्न पद्धतीबद्दलचा आहे, आणि पद्धतीच्या प्रश्नात थांबण्याचा नियम येणारच. तुम्ही या एका रुग्णाबद्दल काय मानायचं ते विचारता. दोन्ही प्रश्न विचारण्याजोगे आहेत.

थॉमसबुवा

हे मान्य. पण मग त्या रुग्णाच्या रिपोर्टवर कुठला प्रश्न छापला जातो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

नदीकाठ

थोडं अवांतर. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये महालनोबिसांकडे. पुढे भारतीय नागरिक झाले, भुवनेश्वरला गेले आणि १९६४ मध्ये तिथेच वारले. सिकल सेलच्या धाग्यात त्यांचं नाव यावं हे फार योग्य आहे. रक्ताचे वंशागत आजार मलेरियाच्या प्रदेशात टिकून राहतात, कारण आजाराच्या जनुकाची एकच प्रत असलेल्यांना मलेरियापासून संरक्षण मिळतं, हा विचार थॅलसेमियाबद्दल त्यांनीच मांडला होता. सिकल सेललाही तो लागू पडला.

चाकण_क्यूसी

माझा मुद्दा नीट लिहिला गेला नव्हता, परत विचारतो. आमच्याकडे कधीकधी खराब नग निघतच नाहीत. पाच मिळेपर्यंत थांबायचं म्हटलं तर शिफ्ट संपते. ताईंच्या बाबतीत रेटिक जवळजवळ नसतीलच तर?

डॉ_मृण्मयी

हा प्रश्न अगदी मर्मावरचा आहे. सिकल सेलच्या रुग्णाला पार्व्हो व्हायरस बी-१९ चा संसर्ग झाला की अस्थिमज्जा काही दिवस लाल पेशी बनवणं जवळपास बंद करते. ज्याचा रेटिक काउंट एरवी दहा टक्के असतो त्याचा एक टक्क्याच्या खाली, कधी शून्याजवळ जातो, आणि हिमोग्लोबिन झपाट्याने घसरतं. ०.१ टक्का असेल तर वीस रेटिकसाठी वीस हजार पेशी. कोण मोजणार? आणि रिपोर्ट तर तातडीने हवा असतो. मर्यादा घालावीच लागते.

स्लाइडवाली

आमच्याकडे असा एक मुलगा आला होता, म्हणूनच मॅडमनी ही पद्धत आणली असं वाटतं. समजा मी तीन हजारांवर थांबले आणि तोवर दोनच सापडले. मग १ भागिले २,९९९ करायचं का?

पाटीपेन्सिल

नाही, आणि या उत्तराने मला स्वतःला फार आनंद होतो. नियम आता दुहेरी झाला: वीस रेटिक किंवा तीन हजार पेशी, जे आधी होईल ते. गिर्शिक, मोस्टेलर आणि सॅव्हेज यांनी १९४६ मध्ये अशा नियमांसाठी अनबायस्ड, म्हणजे सरासरीने नेमका खऱ्या प्रमाणावर बसणारा, अंदाज काढायची रीत दिली. तुम्ही जिथे थांबलात तिथवर पोहोचायचे सगळे रस्ते मोजायचे, आणि त्यांपैकी किती रस्ते रेटिकने सुरू होतात ते बघायचं. ते गुणोत्तर म्हणजे अंदाज.

विसाव्या रेटिकवर थांबलात तर रस्ते मोजल्यावर १९/(n−1) येतं, म्हणजे हाल्डेनचंच उत्तर. तीन हजारांवर थांबलात तर साधं x/३,०००. म्हणजे ज्या कारणाने थांबलात त्या कारणाचं सूत्र लावायचं, आणि दोन्ही मिळून सरासरी नेमकी खऱ्या प्रमाणावर बसते. तुमचं उत्तर २/३,०००, म्हणजे ०.०७ टक्के.

फक्त अचूकतेची हमी मर्यादेला लागल्यावर संपते. दोन रेटिकवरून एवढंच म्हणता येतं की खरं प्रमाण पाव टक्क्याच्या आत असावं.

डॉ_मृण्मयी

आणि त्या मुलासाठी तेवढं पुरतं! ०.०७ की ०.२ याने माझा निर्णय बदलत नाही. दहा टक्क्यांवरून इतकं खाली आलं, एवढं कळलं की रक्त चढवायची तयारी सुरू. उलट १.१६ वाल्या पहिल्या रुग्णाचं बघा. पाटीपेन्सिल सर, त्याची खरी पट्टी कुठून कुठपर्यंत?

पाटीपेन्सिल

काय-वर्गाच्या कोष्टकावरून, चाळीस अंश स्वातंत्र्य घेऊन, ९५ टक्के पट्टी साधारण ०.७५ ते १.८१ टक्के येते.

डॉ_मृण्मयी

हे बघा. ०.७५ म्हणजे ॲनिमिया असताना मज्जा साथ देत नाही. १.८ असेल तर निदान थोडीफार देते. याच पट्ट्यात मला शंका असते, आणि वीस तिथे कमी पडतात. चूक दहा टक्क्यांवर आणायची तर शंभर रेटिक हवेत, म्हणजे या रुग्णासाठी आठ-नऊ हजार पेशी. आयपीसमध्ये मिलर डिस्क असेल तर ते जमतं: मोठ्या चौकोनात रेटिक मोजायचे, लाल पेशी फक्त छोट्या चौकोनात, आणि त्यांना नऊने गुणायचं. ताई, तुमच्या मायक्रोस्कोपला ती आहे का?

स्लाइडवाली

डिस्क नाही. मागवायला सांगते.

मॅडमशी आज बोलले. ठरलं ते असं: वीस रेटिक किंवा तीन हजार पेशी, ओळीने वाचायचं, दर पाचव्याला आकडा टिपायचा. रिपोर्टवर टक्केवारीशेजारी "२० पूर्ण" किंवा "मर्यादा" असं लिहायचं, म्हणजे कुठलं सूत्र लावलं ते कळेल. अर्धा ते दोन टक्के आले तर दुसरा स्मिअर काढून परत वीस.

@पाटीपेन्सिल सर, दुसऱ्या स्मिअरचे वीस कसे जोडायचे? ४० धरून ३९ भागिले (एकूण वजा १)? की दोन्ही वेगळे काढून सरासरी?

पाटीपेन्सिल

दोन्ही स्मिअरमध्ये वीसवर थांबणार हे आधीच ठरलेलं असतं तर दोन्ही मिळून चाळीस रेटिकचीच एक सलग मोजणी होते, आणि ३९/(n−1) बरोबर, शिवाय सरासरीपेक्षा चांगलं. पण तुम्ही दुसरा स्मिअर पहिल्याचं उत्तर बघून काढताय. म्हणजे थांबण्याचा नियम परत बदलला, आणि ३९/(n−1) आता नेमकं अनबायस्ड राहत नाही. गिर्शिकवाल्या रस्त्यांनी ते काढता येईल, कागद-पेन्सिल घेऊन बसतो. तोवर ३९/(n−1) लिहा, फरक थोडा असावा असा माझा अंदाज आहे.

थॉमसबुवा

आमच्याकडे या ठिकाणी काहीच बदलावं लागत नाही, एवढं नम्रपणे सांगतो.

अमुक_तमुक

@पाटीपेन्सिल सर, कागदाआधी मी आर मध्ये चालवतो. दुसरा स्मिअर १९/(n−1) अर्धा ते दोन टक्क्यांच्या आत आला तरच काढायचा, बरोबर ना?

स्लाइडवाली

हो, तोच नियम. आणि तीन हजारांची मर्यादा दर स्मिअरला वेगळी धरा.